अंशराशीकरण आणि वर्तमान मूल्य : निवृत्तिवेतनाच्या एका गुणकाचा विचार

निवृत्त होणाऱ्या सरकारी सेवकाला आपल्या निवृत्तिवेतनाचा काही भाग सोडून देऊन त्याऐवजी एकरकमी पैसे घेण्याची मुभा असते. केंद्र सरकारच्या नियमांनुसार हा भाग मूळ निवृत्तिवेतनाच्या जास्तीत जास्त ४० टक्के असू शकतो. या व्यवहाराला शासकीय परिभाषेत 'अंशराशीकरण' म्हणतात. बोलीत मात्र त्याला 'पेन्शन विकणे' असेच म्हटले जाते. आणि या व्यवहाराविषयीच्या तक्रारींत तिसराच शब्द वारंवार येतो, तो म्हणजे 'वसुली'. एकाच व्यवहाराचे हे तीन शब्द तीन वेगळ्या कल्पना सुचवितात. पहिला रूपांतराची, दुसरा विक्रीची आणि तिसरा कर्जाची. यांपैकी कोणती कल्पना कितपत खरी, याचा निर्णय वर्तमान मूल्याच्या उपपत्तीवाचून करता येत नाही. प्रस्तुत लेखात ही उपपत्ती याच एका उदाहरणाच्या आधारे मांडली आहे.

उदाहरण असे. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या एका सेवकाचे मूळ निवृत्तिवेतन दरमहा ५०,००० रुपये आहे. त्याने ४० टक्के, म्हणजे दरमहा २०,००० रुपये, सोडून देण्याचे ठरविले. पुढील वाढदिवशी त्याचे वय ६१ होईल. त्या वयासाठी कोष्टकात दिलेला गुणक ८.१९४ आहे. सोडलेल्या मासिक रकमेला १२ ने गुणून वार्षिक रक्कम २,४०,००० येते आणि तिला ८.१९४ ने गुणले असता हाती येणारी रक्कम १९,६६,५६० रुपये होते. पंधरा वर्षांनंतर सोडलेला भाग पुन्हा सुरू होतो. तोपर्यंत १८० महिने दरमहा २०,००० याप्रमाणे कापली जाणारी रक्कम ३६,००,००० रुपये होते.

घ्यायचे साडेएकोणीस लाखांहून थोडे अधिक आणि सोडायचे छत्तीस लाख, असा हिशेब मांडला की व्यवहार उघडच तोट्याचा वाटतो. सेवानिवृत्तांच्या बैठकींत हा हिशेब नेहमी मांडला जातो. त्यातील गुणाकार बरोबर आहे. चूक आहे ती बेरजेत.

(१) तारखेसह रक्कम

बेरीज करण्यासाठी वस्तू सजातीय असाव्या लागतात, हे प्राथमिक गणितातच शिकविले जाते. पाच मण ज्वारी आणि पाच कोस अंतर यांची बेरीज होत नाही. पैशाच्या बाबतीत ही अट सहज विसरली जाते, कारण सर्वच रकमा रुपयांत लिहिलेल्या असतात. वस्तुतः आजचे २०,००० रुपये आणि पंधरा वर्षांनी मिळणारे २०,००० रुपये या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्यांचे एकक 'रुपया' नसून 'अमुक तारखेचा रुपया' असे आहे. भिन्न तारखांच्या रकमा एका तारखेवर आणल्यावाचून त्यांची बेरीज वा तुलना करता येत नाही. या आणण्याच्या क्रियेलाच वटाव म्हणतात आणि आजच्या तारखेवर आणलेल्या किमतीला वर्तमान मूल्य.

मराठी व्यापारी भाषेला ही कल्पना परकी नाही. मुदती हुंडीचे पैसे मुदत भरल्यावर मिळत. तोपर्यंत न थांबता ती आजच सावकाराला दिली, तर तो दर्शनी रकमेतून काही कापून उरलेले रोख देई. हे कापणे म्हणजेच वटाव. धनादेश 'वटला' असे आजही म्हटले जाते. तेथे कपात राहिलेली नाही. केवळ कागदाचे पैसे झाले एवढाच अर्थ उरला आहे. परंतु मुदती हुंडीच्या व्यवहारात पैसे आणि मुदत यांचा संबंध शब्दातच सामावलेला होता.

वटावाचे गणित व्याजाच्या गणिताचीच उलट बाजू आहे. दरसाल ८ टक्के दराने आजचे १,००,००० रुपये वर्षाने १,०८,००० होतात. म्हणून वर्षाने मिळणाऱ्या १,०८,००० चे वर्तमान मूल्य १,००,००० आहे, आणि वर्षाने मिळणाऱ्या १,००,००० चे वर्तमान मूल्य १,००,००० ला १.०८ ने भागून ९२,५९३ रुपये येते. दोन वर्षांसाठी १.०८ ने दोनदा भागावे, पंधरा वर्षांसाठी पंधरा वेळा. सामान्य रूपात,

वर्तमान मूल्य = रक्कम ÷ (१ + दर)^वर्षे

या सूत्रात भागाकार आहे, वजाबाकी नाही, याकडे लक्ष दिले पाहिजे. हुंडीच्या व्यवहारात सोयीसाठी दर्शनी रकमेवरच व्याज मोजून ते वजा करण्याची रीत होती. त्या रीतीने वर्षभराच्या १,००,००० रुपयांच्या हुंडीवर ८,००० कापून ९२,००० मिळतील. सावकाराने गुंतविले ९२,००० आणि मिळविले ८,०००. म्हणजे त्याला पडलेला दर ८ नसून ८.७ टक्के आहे. तीन महिन्यांच्या हुंडीत हा फरक क्षुल्लक असतो. मुदत वाढविली की ही रीत निरुपयोगी ठरते : पंधरा वर्षांसाठी दरसाल ८ टक्के वजा केल्यास कपात १२० टक्के होते आणि येणे असलेल्या रकमेचे मूल्य शून्याच्याही खाली जाते. भागाकाराच्या रीतीत मूल्य घटत जाते, पण कधीही शून्य होत नाही. पंधरा वर्षांनी मिळणाऱ्या १,००,००० चे ८ टक्के दराने वर्तमान मूल्य ३१,५२४ रुपये आहे.

हे माप आपल्या उदाहरणाला लावले म्हणजे कापल्या जाणाऱ्या १८० हप्त्यांचे स्वरूप पालटते. पहिल्या महिन्याच्या २०,००० चे निवृत्तीच्या दिवशीचे मूल्य १९,८७२ आहे. साडेसात वर्षांनी कापल्या जाणाऱ्या हप्त्याचे मूल्य ११,२२९ आहे आणि शेवटच्या हप्त्याचे अवघे ६,३०५. अशा सर्व १८० मूल्यांची बेरीज ३६ लाख न येता सुमारे २१,२८,५०० येते. म्हणजे ३६ लाख आणि साडेएकोणीस लाख यांत दिसणारी सोळा लाखांहून अधिकची तफावत बव्हंशी तारखांची होती. तारखा सारख्या केल्यावर उरते ती सुमारे १,६२,००० ची तफावत. तिचे कारण वेगळे आहे आणि त्याचा विचार पुढे केला आहे.

(२) आजचा रुपया अधिक मोलाचा का?

या प्रश्नाचे सर्वाधिक ऐकू येणारे उत्तर 'महागाई वाढते म्हणून' असे आहे. ते अपुरे आहे. किंबहुना मूळ कारण ते नव्हेच. किंमती वर्षानुवर्षे स्थिर राहिल्या असे क्षणभर मानले, तरीही आजचे शंभर रुपये पुढच्या वर्षीच्या शंभरांहून अधिक मोलाचे राहतील. त्याची कारणे दोन.

पहिले कारण संधीचे आहे. आज हाती असलेला पैसा कामाला लावता येतो. शेतकरी त्यातून बी-बियाणे घेतो, कारखानदार यंत्र घेतो, सामान्य माणूस ठेव ठेवतो. उद्याच्या पैशाने आज यांतले काहीच करता येत नाही. दुसरे कारण मानवी स्वभावाचे आहे. समोर असलेला उपभोग पुढे ढकलण्यासाठी माणसाला काही मोबदला हवा असतो. ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ ब्योम-बावेर्क यांनी १८८९ मध्ये व्याजाची मीमांसा करताना वर्तमान वस्तूंना भावी वस्तूंहून अधिक मोल का येते याची कारणे मांडली. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी १९३० च्या आपल्या ग्रंथात व्याजाचा दर या दोहोंच्या, म्हणजे खर्चाविषयीची अधीरता आणि गुंतवणुकीची संधी यांच्या, मेळातून ठरतो असे प्रतिपादन केले.

यांखेरीज आणखी दोन गोष्टी दरात मिसळतात, पण त्या मूळ कारणांपासून अलग ठेवणे इष्ट. एक म्हणजे अनिश्चितता. भावी रक्कम मिळेलच असे नसते. देणारा बुडू शकतो, घेणारा हयात नसू शकतो. दुसरी म्हणजे महागाई. दर ८ टक्के आणि किंमतींची वाढ ५ टक्के असेल, तर वस्तूंच्या परिभाषेत मिळणारी खरी वाढ १.०८ ला १.०५ ने भागून २.८६ टक्के एवढीच असते. येथे एक नियम कसोशीने पाळावा लागतो : रक्कम ज्या रुपयांत मोजली त्याच रुपयांचा दर लावावा. भविष्यातील रक्कम महागाईबरोबर वाढणारी असेल आणि तिला आजच्या किंमतीत लिहिले असेल, तर खरा दर लावावा. रक्कम ठरीव असेल तर बाजारातील नाममात्र दर लावावा. दोहोंची गल्लत झाली की उत्तर कितीही काळजीपूर्वक काढले तरी ते निरर्थक ठरते.

प्रस्तुत उदाहरणात ही गल्लत होण्याचा संभव विशेष आहे. निवृत्तिवेतनावरील महागाई वाढ अंशराशीकरणापूर्वीच्या संपूर्ण मूळ निवृत्तिवेतनावर मोजली जाते. म्हणजे ४० टक्के भाग सोडला तरी त्या भागावरची महागाई वाढ सेवकाला मिळतच राहते. कापला जाणारा हप्ता मात्र ठरीव २०,००० राहतो. तेव्हा 'महागाईमुळे पंधरा वर्षांत आपण फार अधिक गमावतो' हे म्हणणे येथे लागू पडत नाही. उलट, महागाई जितकी अधिक, तितका तो ठरीव हप्ता हलका होत जातो.

(३) ८.१९४ हा अंक

आता गुणकाकडे वळू. दरसाल ठरावीक रक्कम देणाऱ्या प्रवाहाला वार्षिकी म्हणतात. तिचे आजचे मूल्य 'इतक्या वर्षांच्या उत्पन्नाएवढे' असे सांगण्याची पद्धत युरोपात जुनी आहे. जमीन तिच्या वीस वर्षांच्या उत्पन्नाला विकली गेली, असे म्हटले जाई. ८.१९४ हा अंक याच जातीचा आहे. वर्षाला १ रुपया देणाऱ्या हक्काची आजची किंमत ८ रुपये १९ पैसे, एवढाच त्याचा अर्थ.

हा हक्क माणसाच्या हयातीशी बांधलेला असतो, तेव्हा व्याजाबरोबर मृत्यूचाही हिशेब करावा लागतो. दहाव्या वर्षीचा रुपया आजच्या किमतीवर आणण्यासाठी त्याला (१ + दर) ने दहा वेळा भागायचे आणि शिवाय त्या वयापर्यंत माणूस हयात असण्याच्या संभाव्यतेने गुणायचे. प्रत्येक वर्षासाठी असा गुणाकार करून सर्वांची बेरीज केली की हयाती वार्षिकीचे मूल्य मिळते. हा हिशेब पहिल्यांदा पद्धतशीरपणे करणाऱ्यांत हॉलंडचा मुत्सद्दी योहान द विट याचे नाव येते. त्याच्या काळी तेथील शासन हयाती वार्षिकी चौदा वर्षांच्या उत्पन्नाला विकत असे. १६७१ मध्ये त्याने चार टक्के व्याज आणि मृत्यूविषयीची काही गृहीतके धरून दाखविले की योग्य किंमत सोळा वर्षांच्या उत्पन्नाहून कमी नसावी; शासन स्वस्तात विकत होते. पुढे १६९३ मध्ये एडमंड हॅले याने ब्रेस्लाऊ शहरातील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून हयातीचे कोष्टक तयार केले आणि वयानुसार वार्षिकीचे मूल्य काढले.

भारत सरकारचे २००८ पासूनचे अंशराशीकरणाचे कोष्टक याच परंपरेतील आहे. त्याला दोन आधार आहेत : आयुर्विमा महामंडळाचे १९९४-९६ चे मर्त्यता कोष्टक आणि ८ टक्के व्याजदर. सहाव्या वेतन आयोगानंतर ते लागू झाले आणि सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ मध्येही कायम राहिले. त्यापूर्वीच्या कोष्टकात दर ४.७५ टक्के धरलेला होता आणि ६१ वयाचा गुणक ९.८१ होता. त्या गुणकाने आपल्या उदाहरणातील सेवकाला २३,५४,४०० रुपये मिळाले असते, म्हणजे आजच्याहून जवळजवळ चार लाख अधिक.

या तुलनेतून वटावाचा सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म स्पष्ट होतो. दर वाढला की वर्तमान मूल्य घटते. ज्याला ठेवीवर अधिक व्याज हवे असते, तोच निवृत्त होताना कोष्टकातील दर कमी असावा अशी अपेक्षा करतो. आणि त्यात विसंगती नाही. ठेवीत तो आजचा पैसा देऊन उद्याचा घेतो, तर अंशराशीकरणात उद्याचा पैसा देऊन आजचा घेतो. दराची बाजू बदलते, कारण व्यवहाराची दिशा बदलते.

(४) पंधरा वर्षांचा वाद

सोडलेला भाग पूर्वी आयुष्यभरासाठी गेलेला असे. १९८६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर निर्णय देताना तो पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू करण्याचे तत्त्व मान्य केले. मुदत ठरविताना न्यायालयाने निव्वळ व्याजाचा आधार नाकारला, वर्षांच्या उत्पन्नाने सांगितलेली किंमत आधारभूत धरली आणि तीत दोन वर्षांची भर घालणे उचित मानले. काही राज्यांनी पुढे मुदत कमी केली. केरळात ती बारा वर्षांची आहे.

गुणक ९.८१ चा ८.१९४ झाल्यावर मुदतही कमी व्हावी, अशी मागणी त्यामुळे स्वाभाविकपणे पुढे आली. तिच्या समर्थनार्थ 'आठ वर्षे दोन महिन्यांत सरकारची रक्कम वसूल होते' असा हिशेब दिला जातो. १९,६६,५६० ला २०,००० ने भागले असता ९८ महिने आणि थोडे दिवस येतात, हे खरे. परंतु येथे 'वर्ष' हा शब्द दोन अर्थांनी वापरला गेला आहे. 'आठ वर्षांच्या उत्पन्नाएवढी किंमत' या वाक्यातील वर्ष हे किमतीचे माप आहे. 'आठ वर्षांत वसुली' या वाक्यातील वर्ष हा काळ आहे. पहिल्यावरून दुसरे काढणे म्हणजे शून्य व्याजदर गृहीत धरणे होय. आणि व्याजदर शून्य धरला, तर गुणकही ८.१९४ राहणार नाही. तो बराच मोठा होईल. एकाच व्यवहाराच्या किमतीसाठी ८ टक्के आणि परतफेडीसाठी शून्य, असे दोन दर एकदम वापरता येत नाहीत.

दोन्हीकडे ८ टक्केच धरले तर काय होते? आठ टक्के दराने १९,६६,५६० ची फेड दरमहा २०,००० च्या हप्त्यांनी १५६ महिन्यांत, म्हणजे तेरा वर्षांत होते. याचा अर्थ पंधरा वर्षे हयात राहणारा सेवक आणखी सुमारे दोन वर्षांचे हप्ते, म्हणजे जवळजवळ ४,७८,००० रुपये, अधिक देतो. निवृत्तीच्या दिवशी त्यांचे मूल्य १,६२,००० रुपये आहे. पहिल्या भागात उरलेली तफावत ती हीच.

हे अधिकचे हप्ते कशासाठी? निवृत्त सेवक मुदतीपूर्वी वारला, तर उरलेली रक्कम त्याच्या कुटुंबाकडून वसूल केली जात नाही. कुटुंब निवृत्तिवेतनातही त्यापायी कपात होत नाही. लवकर जाणाऱ्यांची अशी राहिलेली बाकी कोठून तरी भरून निघावी लागते, आणि ती दीर्घायुषींच्या शेवटच्या हप्त्यांतून निघते. म्हणजे १,६२,००० रुपये ही एका प्रकारच्या विम्याची किंमत आहे. ती वाजवी आहे किंवा नाही, यावर मतभेद होऊ शकतो. १९९४-९६ नंतर आयुर्मान वाढले असेल तर लवकर जाणारे कमी आणि ही किंमत जास्त ठरेल, हा युक्तिवाद विचारार्ह आहे. मुदत कमी करण्याच्या मागणीचा खरा आधार येथे आहे, आठ वर्षे दोन महिन्यांच्या भागाकारात नाही.

याच ठिकाणी प्रारंभीच्या तीन शब्दांचाही निवाडा होतो. 'वसुली' हा शब्द कर्जाची कल्पना देतो. परंतु ऋणकोबरोबर मरणारे कर्ज सामान्य व्यवहारात नसते. 'विकणे' हा शब्द मृत्यूची जोखीम घेणाऱ्याकडे गेल्याचे बरोबर सुचवितो, पण पंधरा वर्षांनी परत मिळणारी वस्तू पूर्णपणे विकली असे म्हणता येत नाही. शासकीय शब्द रुक्ष असला तरी तोच अचूक आहे : काळात पसरलेल्या अंशांची एका तारखेवरील राशी.

(५) दर कोणाचा?

कोष्टकातील ८ टक्के हा शासनाचा दर आहे. व्यवहार करावा की नाही, हे ठरविताना सेवकाला स्वतःचा दर हवा असतो. त्यासाठी प्रश्न उलटा विचारता येतो : १९,६६,५६० रुपये आज घेऊन १८० महिने दरमहा २०,००० सोडणे, हे किती टक्क्यांच्या व्याजाने पैसे घेण्यासारखे आहे? ज्या दराने दोन्ही बाजूंची वर्तमान मूल्ये समान होतात तो दर काढला, तर पंधरा वर्षे हयात राहणाऱ्यासाठी तो दरसाल सुमारे ९.४ टक्के येतो. दहा वर्षांनी मृत्यू झाल्यास तोच सुमारे ४.२ टक्के पडतो, आणि पहिल्या ९८ महिन्यांच्या आत मृत्यू झाल्यास कापलेली रक्कम मिळालेल्या रकमेहून कमीच राहते. एकाच करारात दर ९.४ पासून ऋण संख्येपर्यंत बदलतो आणि तो कोणाच्या वाट्याला कोणता येईल हे करार करताना माहीत नसते.

यात प्राप्तिकराचा विचार केला की चित्र पुन्हा बदलते. सरकारी सेवकाला अंशराशीकरणाची रक्कम करमुक्त मिळते, तर दरमहाचे निवृत्तिवेतन करपात्र असते. ज्याच्या उत्पन्नाच्या वरच्या भागावर २० टक्के कर बसतो, तो दरमहा २०,००० सोडताना वस्तुतः १६,००० च सोडतो, कारण उरलेले ४,००० करातच गेले असते. अधिभार व उपकर बाजूला ठेवून १६,००० धरून हिशेब केला, तर पंधरा वर्षे हयात राहणाऱ्यालाही दर सुमारे साडेपाच टक्के पडतो. ज्याला कर लागत नाही, त्याच्यासाठी मात्र ९.४ टक्केच राहतो. तेव्हा शेजारीशेजारी बसणाऱ्या दोन सेवकांना एकाच गुणकाने मिळालेली रक्कम एकाला स्वस्त आणि दुसऱ्याला महाग पडू शकते. आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असते.

हाती आलेल्या दराची तुलना कशाशी करावयाची, तेही पैशाच्या विनियोगावर अवलंबून आहे. २० टक्के कर भरणाऱ्याने ती रक्कम ७ टक्क्यांच्या ठेवीत ठेवली, तर कर वजा जाता त्याला ५.६ टक्के मिळतात. साडेपाच टक्क्यांनी घेतलेल्या पैशावर ही बरोबरी झाली, लाभ नव्हे. त्याच माणसावर ९ टक्क्यांचे गृहकर्ज बाकी असेल आणि ते फेडले, तर लाभ उघड आहे. कर न भरणाऱ्याने ९.४ टक्क्यांनी घेतलेले पैसे बचत खात्यात पडून ठेवले, तर तोटाही तितकाच उघड आहे. येथे करपूर्व दराची करोत्तर दराशी तुलना करण्याची चूक सर्रास होते. हिशेबाची एक बाजू कर वजा करून मांडली असेल, तर दुसरीही तशीच मांडली पाहिजे.

(६) पद्धतीच्या मर्यादा

वर्तमान मूल्याची पद्धत तारखांचा भेद नाहीसा करते. ती दराचा प्रश्न सोडवीत नाही, तो केवळ उघड करते. शून्य दराने हप्त्यांचे मूल्य ३६ लाख, ८ टक्क्यांनी सुमारे २१ लाख आणि ९.४ टक्क्यांनी साडेएकोणीस लाखांच्या आसपास. दर निवडला की उत्तर ठरलेलेच असते. म्हणून कोणत्याही वटावाच्या हिशेबात प्रथम दर कोणता धरला आणि का, हे विचारले पाहिजे. ज्या हिशेबात दराचा उल्लेखच नाही, त्यात दर नसतो असे नव्हे. त्यात शून्य दर गृहीत असतो.

या उदाहरणाचे क्षेत्रही मर्यादित आहे. १ जानेवारी २००४ पासून केंद्रीय नागरी सेवेत आलेल्यांसाठी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली, आणि तिच्यात अंशराशीकरणाचे हे कोष्टक लागू होत नाही. परंतु त्या योजनेतही जमलेल्या निधीतून वार्षिकी विकत घ्यावी लागते. म्हणजे तेथे आजची राशी देऊन उद्याचे अंश घेतले जातात. दिशा तेवढी उलट. वार्षिकी विकणाऱ्या कंपनीने सांगितलेली मासिक रक्कम पाहताना तीत कोणता दर आणि किती आयुर्मान धरले आहे, हेच प्रश्न तेथेही विचारावे लागतात. पुढे मिळणाऱ्या सर्व हप्त्यांची सरळ बेरीज करून ती दिलेल्या निधीशी ताडून पाहणारा, अंशराशीकरणात सोळा लाखांहून अधिकचा तोटा पाहणाऱ्याचीच चूक उलट दिशेने करीत असतो. तेथे त्याला तोट्याऐवजी नफा दिसतो, एवढेच.